पेढीवरून आलेला हक्क

मुंबई उच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, १९४८ च्या निकालसंग्रहात छापलेला: वखारिया विरुद्ध सुप्रीम जनरल फिल्म एक्स्चेंज कंपनी. संचालकाला कंपनीचे हिशेब पाहायचे होते आणि ते स्वतः न पाहता जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचे होते. न्यायालयाने ते मान्य केलं, पण दोन अटींवर. निवडलेल्या माणसाविरुद्ध कंपनीला रास्त हरकत नसावी, आणि मिळालेली माहिती दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही अशी त्याने हमी द्यावी. कंपनी कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत या निकालाला एखादी ओळ मिळते. मला मात्र त्या दोन अटी कुठेतरी वाचल्यासारख्या वाटल्या.

त्या सापडल्या १९०१ च्या एका इंग्रजी निकालात, बेव्हन विरुद्ध वेब. गंमत अशी की तिथे कंपनी नव्हतीच, भागीदारीची पेढी होती. कारभारात लक्ष न घालणाऱ्या भागीदारांचा हिस्सा विकत घ्यायची तयारी कारभारी भागीदारांनी दाखवली होती. हिश्श्याची किंमत ठरवायची तर वह्या पाहायला हव्यात, म्हणून हिस्सा विकणाऱ्या भागीदारांनी हिशेबातला जाणकार पाठवला. कारभाऱ्यांनी त्याला दारातच अडवलं: कायद्यात ‘भागीदार’ लिहिलंय, ‘भागीदाराचा माणूस’ नाही. वरच्या न्यायालयाने हे ऐकलं नाही. ज्याला स्वतःला वही वाचून काही कळत नाही, त्याला वाचायचा हक्क देऊन वाचणारा नाकारायचा, तर हक्क दिला काय आणि न दिला काय. मात्र माणूस आक्षेपार्ह नको आणि त्याने हमी द्यावी. म्हणजे वखारियातल्या त्याच दोन अटी.

यावरून माझा सिद्धांत असा की संचालकाचा वह्या पाहण्याचा हक्क मुळात भागीदाराचाच. पेढीची कंपनी झाली तेव्हा बाकी सगळ्यांच्या हातून तो सुटला, संचालकाच्या हाती उरला.

पुरावा इंग्लंडच्या १८६२ च्या कंपनी कायद्यात आहे. त्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत, म्हणजे ‘टेबल ए’मध्ये, हिशेबाच्या वह्या कामकाजाच्या वेळेत सभासदांना खुल्या होत्या, वेळ आणि रीत यांवर सर्वसाधारण सभा रास्त बंधनं घालू शकत असे, इतकंच. म्हणजे भागधारकाला तेव्हा जवळजवळ भागीदारच समजत. १९०८ च्या नमुन्यात चित्र उलटं झालेलं दिसतं. वह्या संचालकांना सदैव खुल्या, आणि जो संचालक नाही अशा सभासदाला कायद्याने दिलेल्या किंवा मंडळाने वा सर्वसाधारण सभेने परवानगी दिलेल्या गोष्टींपलीकडे काही नाही. मधल्या काळात नेमकं काय घडलं? माझा अंदाज असा: भागधारकांची संख्या वाढली, शेअर बाजारात हात बदलू लागले, आणि आज एक शेअर घेऊन उद्या प्रतिस्पर्धी वही उघडायला येईल ही भीती खरी झाली. पेढीत अनोळखी भागीदार शिरत नाही. कंपनीत रोज शिरतो.

आपल्याकडे १९१३, १९५६ आणि २०१३ च्या कायद्यांतून तो हक्क चालत आला; आज तो कलम १२८ मध्ये आहे.

आता विरुद्ध पक्ष. बहुतेक वकील म्हणतील, भागीदाराचा इथे काय संबंध? संचालकावर कर्तव्य आहे, कर्तव्य पार पाडायला माहिती लागते, म्हणून हक्क. त्यांचा आधार भक्कम आहे. कॉनवे विरुद्ध पेट्रोनियस क्लोदिंग या १९७८ मध्ये छापलेल्या इंग्रजी निकालात न्यायमूर्ती स्लेड यांनी सांगितलं की कंपनी कायद्यातलं कलम न पाळल्यास दंड आहे, पण त्यातून दिवाणी दावा उभा राहत नाही. संचालकाचा हक्क पदामुळे येतो, आणि तो बजावून द्यायचा की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर आहे. तिथल्या संचालकांना काढण्यासाठी सर्वसाधारण सभा बोलावलेली होती. ती होईपर्यंत वह्या उघडण्याचा हुकूम न्यायालयाने दिला नाही.

हेतूच्या मुद्द्यावर तर माझा सिद्धांत लंगडतो. बेव्हनमधले भागीदार स्वतःच्याच हिश्श्याची किंमत काढायला आले होते, तरी चाललं. संचालकाने स्वतःच्या खाजगी व्यवहारासाठी वह्या मागितल्या तर न्यायालय नाही म्हणेल. पण सिद्ध कोणी करायचं? सिडनीच्या न्यायालयाने १९२२ मध्ये एडमन विरुद्ध रॉसमध्ये म्हटलं की स्पष्ट पुरावा नसेल तर संचालक कंपनीच्या भल्यासाठीच पाहतोय असं धरायचं, आणि त्याला नकलाही घेता येतील. म्हणजे शंकेचा फायदा मागणाऱ्याला. हा सूर मला नोकरीतल्या अधिकाऱ्याचा वाटत नाही, मालकाचा वाटतो.

भोसरीतली एक कल्पित कंपनी घ्या. यंत्राचे सुटे भाग बनवते, तिघे भाऊ संचालक, चाकणला उपकंपनी. मधल्याचं थोरल्याशी बिनसलंय. तो लेखी मागतो: मागच्या दोन वर्षांची खतावणी, रोख वही, बँकेचा ताळमेळ, खरेदीची व्हाउचर्स, सोबत सीए आणणार. शिवाय चाकणच्या वह्या, आणि त्याला मंडळातून काढण्याबाबत कंपनीने घेतलेला वकिलाचा सल्ला.

पहिल्या मागणीला थोरला ‘कशाला हवंय?’ म्हणून अडवू शकत नाही. कामकाजाच्या वेळेत, नोंदणीकृत कार्यालयात किंवा मंडळाने वह्या ठेवायला ठरवलेल्या जागी त्या पाहू द्याव्या लागतात. कर्मचाऱ्यांनी मदत करायचीही आहे. आठ वर्षांच्या वह्या सांभाळणं बंधनकारक असल्याने ‘जुन्या सापडत नाहीत’ हेही चालत नाही. सीएबाबत वखारिया कामाला येतो. तो सीए समोरच्या स्पर्धक कारखान्याचंही काम बघत असेल तर मात्र हरकत रास्त. चाकणच्या वह्यांना सरळ नकार: उपकंपनीची तपासणी फक्त मंडळाच्या ठरावाने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच करायची. आणि त्याच्याच विरुद्ध घेतलेला कायदेशीर सल्ला कंपनी राखून ठेवू शकते, कारण त्या भांडणात तो समोरच्या बाजूला आहे.

एक वाद इथे शिल्लक आहे. २०१४ च्या लेखा नियमांतला चौथा नियम परदेशात ठेवलेल्या आर्थिक माहितीबद्दल आहे. संचालकाने लेखी मागायची, कंपनीने पंधरा दिवसांत द्यायची, आणि मागणी त्याने स्वतःच करायची, मुखत्यार किंवा प्रतिनिधीमार्फत नाही. काहीजण हे भारतातल्या वह्यांनाही लावून वखारिया संपला म्हणतात. मला पटत नाही. बंदी नियमात बाहेरच्या माहितीपुरती लिहिली आहे, आणि मागणं वेगळं, जाणकाराला सोबत घेऊन वाचणं वेगळं.

मंडळाच्या बैठकीचे कागद हा प्रांत मात्र भागीदारीतून आलेला नाही. तो कंपनी सेक्रेटरींच्या मानकातून आलाय. सात दिवस आधी सूचना, तेवढ्याच आधी विषयपत्रिका आणि टिपणं. शेअरच्या भावावर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली माहिती असेल तर बहुसंख्य संचालकांच्या संमतीने, ज्यात स्वतंत्र संचालक असल्यास किमान एक हवा, उशिरानेही देता येते. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत फिरवायचा, मग सात दिवस संचालकांच्या दुरुस्त्यांना. त्याच मानकात आणखी एक तरतूद आहे. पद गेलं तरी आपल्या कारकिर्दीतल्या बैठकांची इतिवृत्तं माजी संचालक पाहू शकतो, त्यांच्या नकला घेऊ शकतो. पदाबरोबर हक्क संपतो असं मानणाऱ्यांना या तरतुदीचं उत्तर द्यावं लागेल. भोसरीच्या मधल्या भावाला काढल्यावर खतावणी मिळणार नाही, पण ज्या बैठकीत ती व्हाउचर्स मंजूर झाली तिचं इतिवृत्त थोरल्याला द्यावंच लागेल.