एफडीवरचे क्रेडिट कार्ड : कधीच कर्ज न घेतलेल्यांचा सिबिल स्कोअर असा तयार होतो

ज्याने कधी बँकेचे कर्ज घेतले नाही, त्याचा सिबिल स्कोअर खराब नसतो, तर नसतोच. रिपोर्टमध्ये आकड्याच्या जागी -1 किंवा NH दिसते. खात्यात पैसे असले, एफडी असली तरी स्कोअर बनत नाही, कारण त्यात फक्त उधारी आणि तिची परतफेड मोजली जाते. मग ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँकेला बघायला काहीच नसतं.

यावर एक मार्ग म्हणजे एफडी तारण ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड. यासाठी पगाराची स्लिप सहसा लागत नाही. एफडीवर व्याज चालू राहते, पण कार्ड बंद करून बाकी चुकती करेपर्यंत ती मोडता येत नाही. कार्डाची मर्यादा बहुतेक ठिकाणी एफडीच्या ७५ ते १०० टक्के असते.

समजा, एका दूध उत्पादकाने २० हजारांची एफडी केली आणि त्याला १८ हजारांची मर्यादा मिळाली. त्याने कार्डावर १५ हजारांचे पशुखाद्य घेतले. मर्यादेच्या ८० टक्क्यांहून जास्त रक्कम वापरल्याने, वेळेत पैसे भरूनही स्कोअर दबू शकतो. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ५,४०० रुपयांपर्यंत ठेवलेला बरा. मोठी खरेदी करावीच लागली, तर दुधाचे बिल हातात येताच कार्डावर पैसे भरून टाकावेत. बँका किमान दर पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोकडे माहिती पाठवतात, तेव्हा थकबाकी कमी दिसते.

बिल आल्यावर त्यात दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. बरेच जण इथेच फसतात. फक्त किमान रक्कम भरली तर हप्ता थकल्याची नोंद होत नाही, पण उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असते. एटीएममधून कार्डाने रोख काढली तर व्याज पहिल्याच दिवसापासून सुरू होते आणि शुल्क वेगळे.

बिल थकले तर बँक एफडीतून पैसे वळते करून घेऊ शकते. पण त्यामुळे उशिराची नोंद पुसली जात नाही, ती रिपोर्टमध्ये राहतेच. म्हणून खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापले जाईल, अशी सोय कार्ड घेतानाच करावी.

साधारण सहा महिने नियमित व्यवहार झाल्यावर ३०० ते ९०० मधला स्कोअर दिसू लागतो. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात आपले कार्ड दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल तर शाखेत लेखी तक्रार द्यावी, कारण नोंदच जात नसेल तर एफडी अडकवून स्कोअरला काहीच फायदा होत नाही.