‘टेस्टिंग पुरे झालं’ हे कोण ठरवतं? एका बँकेच्या वीकेंडची गोष्ट

तुमच्यापैकी जे 2018 मध्ये ब्रिटनमध्ये होते, त्यांना टीएसबी बँकेचा तो एप्रिल आठवत असेल. 20 एप्रिलच्या शुक्रवारी बँकेने ऑनलाइन सेवा बंद केली. रविवारी संध्याकाळी ती नव्या कॉम्प्युटर व्यवस्थेवर पुन्हा सुरू होणार होती, आणि झालीही. पण लोक लॉगिन करायला लागले, तर बऱ्याच जणांना आपलं खातंच उघडेना. काहींना चक्क दुसऱ्याच कुणाच्या खात्याचे तपशील दिसले. बँकेचे ग्राहक सुमारे 52 लाख. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला.

आता गंमत बघा. ग्राहकांचा डेटा जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत नीट गेला होता. नियामकांनीही नंतर तसंच नोंदवलं. कोसळली ती ज्यावर हा डेटा ठेवला ती नवी व्यवस्था. मग प्रश्न उरतो तो असा : महिनोन्‌महिने टेस्टिंग चाललं होतं, तर ‘आता पुरे, सुरू करू या’ हे ठरलं कसं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

टेस्टिंग कधी संपतं, हा प्रश्न सॉफ्टवेअरइतकाच जुना आहे. सगळे दोष संपले हे कुठलीही चाचणी सिद्ध करू शकत नाही. जे सापडले तेवढेच ती दाखवते. म्हणजे ‘दोष उरले नाहीत’ ही थांबण्याची अट होऊच शकत नाही. दुसरी अट शोधावी लागते. 1976 मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी डिझाइन आणि कोड तपासण्याच्या पद्धतीवर एक लेख लिहिला. त्यात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ‘एक्झिट क्रायटेरिया’ होते, म्हणजे त्या टप्प्यातून बाहेर पडायच्या अटी. त्यातला एक नियम मला फार आवडतो. तपासणीनंतर दुरुस्ती करताना पाच टक्क्यांहून जास्त मजकूर बदलावा लागला, तर सगळी तपासणी पुन्हा करायची. इथे ‘मला वाटतं झालं’ याला जागाच नाही. आकडा आधीच ठरलेला आहे, आणि तो ओलांडला की काय करायचं हेही.

1983 मध्ये टेस्टिंगच्या कागदपत्रांसाठी आयईईईचं 829 हे मानक आलं. त्यात पास-नापासाच्या अटींबरोबर आणखी एक गोष्ट लिहायला सांगितली होती : टेस्टिंग मध्येच कधी थांबवायचं, आणि पुन्हा सुरू करायला काय झालेलं असलं पाहिजे. याचंच भावंड म्हणजे ‘एंट्री क्रायटेरिया’, टप्पा सुरू करण्याआधीच्या अटी. एक्झिटची चर्चा सगळे करतात. एंट्रीकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आणि खरी फसगत तिथेच होते.

कशी, ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. समजा तुमची टीम बसच्या तिकिटांचं ॲप बनवतेय. 400 चाचण्या ठरवल्या आहेत. रिलीजच्या आदल्या दिवशी मीटिंगमध्ये स्लाइड येते : ‘95 टक्के पास’. सगळे खूश. तुम्ही विचारता, 95 टक्के कशाचे? मग कळतं की 400 पैकी 360 चाचण्याच चालवल्या गेल्या, आणि त्यांतल्या 342 पास झाल्या. 360 चे 95 टक्के, पण 400 चे साडेपंच्याऐंशीच. आणि राहिलेल्या 40 कुठल्या? सगळ्या पैसे भरण्याच्या, कारण पेमेंटची चाचणी-व्यवस्था वेळेत तयारच झाली नव्हती. ती तयार असणं ही एंट्रीची अट होती. ती पुरी न होताच टप्पा सुरू झाला, त्यामुळे एक्झिटचा आकडा दिसायला छान राहिला आणि आतून पोकळ झाला. खोटं कुणीच बोललं नाही. फक्त भाजक बदलला.

याच ॲपच्या नीट लिहिलेल्या एक्झिटच्या अटी साधारण अशा असतील. ठरवलेल्या सगळ्या चाचण्या चाललेल्या असतील. पैसे चुकवणारा किंवा एकाची माहिती दुसऱ्याला दाखवणारा एकही दोष शिल्लक नसेल. शुक्रवारी संध्याकाळी असते तेवढी गर्दी सलग दोन तास सोसून पाहिलेली असेल, आणि तीही खऱ्या सर्व्हरसारख्याच सर्व्हरवर. काही बिनसलं तर जुन्या आवृत्तीवर परत जायची तालीम एकदा तरी झालेली असेल. यातली एखादी अट सोडायची झाली तर सोडता येते, पण कुणी सोडली, का सोडली आणि त्यामुळे काय धोका राहतो, हे नावानिशी लिहून.

आता परत टीएसबीकडे येऊ.

टीएसबी 2013 मध्ये लॉइड्स बँकेपासून वेगळी झाली, तरी तिची खाती लॉइड्सच्याच कॉम्प्युटर व्यवस्थेवर चालत होती आणि त्यासाठी लॉइड्सला पैसे मोजावे लागत होते. 2015 मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली. आपल्या समूहातल्या साबिस या कंपनीकडून नवी व्यवस्था उभारायची आणि नोव्हेंबर 2017 पर्यंत तिच्यावर जायचं, असं ठरलं. ते जमलं नाही. सप्टेंबर 2017 मध्ये बँकेने जाहीर केलं की स्थलांतर आता 2018 च्या पहिल्या तिमाहीत होईल. पुढे काय घडलं ते स्लॉटर अँड मे या कायदा-कंपनीच्या नोव्हेंबर 2019 मधल्या अहवालात आहे. हा अहवाल टीएसबीच्याच संचालक मंडळाने मागवला होता, पण त्यातले काही निष्कर्ष मंडळाला मान्य नव्हते, हेही लक्षात ठेवा.

अहवाल सांगतो की योजना उजवीकडून डावीकडे आखली गेली. म्हणजे आधी शेवटची तारीख ठरली, आणि मग मधल्या दिवसांत काम बसवलं गेलं. काही कामं तब्बल सात महिने मागे पडली होती. तरी नव्या योजनेत सगळं मूळ तारखेनंतर फक्त चार महिन्यांनी तयार होईल असं धरलं होतं. हे कसं शक्य आहे, हा साधा प्रश्न मंडळाने विचारायला हवा होता, असं अहवालाचं म्हणणं आहे.

तारीख हलत नसेल तर हलतं ते टेस्टिंग. एकामागून एक व्हायचे टप्पे समांतर चालवले गेले. ऐकायला हे काटकसरीचं वाटतं. पण आधीच्या टप्प्याची एक्झिट हीच पुढच्या टप्प्याची एंट्री असते. दोन्ही एकदम सुरू केले की मधलं दारच नाहीसं होतं. भाराची चाचणी चालू असताना खालचा कोड बदलत असेल, तर आज पास झालेली चाचणी उद्याच्या व्यवस्थेबद्दल काहीच सांगत नाही.

पण सगळ्यात महागात पडली ती दुसरीच गोष्ट. नवी व्यवस्था दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती; दोन्ही चालू, दोघांवर ग्राहकांचा भार वाटलेला. भार आणि वेग पाहणाऱ्या चाचण्या मात्र दोहोंपैकी एकाच सेंटरवर झाल्या. दोन्ही सेंटर सारखीच मांडलेली असतील असं गृहीत होतं, पण त्यांच्या मांडणीत फरक निघाले. ते कळले कधी? खरे ग्राहक आत आल्यावर. आपल्या बस-ॲपमधल्या न चाललेल्या 40 चाचण्या आठवा. जे तपासलं ते पास झालं होतं, पण जे चालवायचं होतं ते तपासलंच नव्हतं.

गोंधळानंतर टीएसबीने आयबीएमला मदतीला बोलावलं. 29 एप्रिल 2018 चं त्यांचं प्राथमिक टिपण पुढे ब्रिटिश संसदेच्या ट्रेझरी समितीने प्रसिद्ध केलं. व्यवस्था खऱ्या वापराला तयार आहे हे सिद्ध करणाऱ्या कडक ‘गो-लाइव्ह’ अटी लावल्याचा पुरावा आपल्याला दिसला नाही, अशा अर्थाची नोंद त्यात आहे. आपल्या विषयाच्या इतिहासात हे वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे.

तयारीची खात्री मग होती कशावर? बऱ्याच अंशी पत्रांवर. साबिसच्या हाताखाली कितीतरी पुरवठादार होते, आणि त्यांच्याकडून तयारीची हमी गोळा केली गेली. पण त्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर ‘हे काम झालंय’ असा नव्हता. ‘तोवर होईल अशी अपेक्षा आहे’ असा होता. या दोन वाक्यांतला फरक मराठीत लगेच कळतो. स्लाइडवरच्या हिरव्या खुणेत तो दिसेनासा होतो. खूण करणाऱ्याला एकच चौकोन असतो, आणि ‘झालं’ आणि ‘होईल’ दोन्ही त्याच चौकोनात बसतात.

त्यातून बहुतेक सगळे ग्राहक एकाच वीकेंडला हलवायचे होते. थोडे थोडे हलवले असते, तर एक्झिटच्या अटीतली चूक काही हजार लोकांपुरती राहिली असती. सगळे एकदम हलवले की शेवटची भार-चाचणी तुमचे ग्राहकच करतात.

22 एप्रिल 2018 पासूनच्या वर्षभरात बँकेकडे 2,25,492 तक्रारी आल्या. भरपाईपोटी ग्राहकांना 3 कोटी 27 लाख पौंड द्यावे लागले. डिसेंबर 2022 मध्ये दोन नियामकांनी मिळून बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला. एप्रिल 2023 मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः 81,620 पौंडांचा दंड झाला, कारण साबिस तयार आहे याची पुरेशी खातरजमा त्याने करून घेतली नव्हती. टेस्टर्सना दंड झाला नाही, हे बरोबरच आहे. काय तपासलं आणि काय राहिलं हे टेस्टर सांगतो. राहिलेल्याचा धोका पत्करायचा की नाही, हे ज्याच्या हातात तारीख असते तो ठरवतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज ना उद्या अशा एखाद्या ‘गो, नो-गो’ मीटिंगमध्ये बसाल, कदाचित कोपऱ्यात, सगळ्यात ज्युनिअर म्हणून. तिथे पासची टक्केवारी आली की तीन गोष्टी विचारून बघा. हे टक्के कशाचे? जिथे चाचणी झाली आणि जिथे लोक वापरणार, त्या दोन जागा सारख्या आहेत हे कुणी तपासलं? आणि ही अट कधी लिहिली, तारीख ठरायच्या आधी की नंतर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नंतर’ असेल, तर समजा की ती अट टेस्टिंग थांबवण्यासाठी लिहिलेली नाही. टेस्टिंग थांबवायचं आधीच ठरलेलं होतं.