दुप्पट करत गेलेली बँक

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या जुगारी मंडळींत एक युक्ती फार लोकप्रिय होती. तिचे नाव मार्टिंगेल. हरलात की पुढचा डाव दुप्पट लावायचा, मग कधीतरी एक डाव जिंकला की मागचे सारे वसूल होऊन वर पहिल्या डावाएवढा नफा! ऐकायला बिनतोड वाटते. पण जरा पाटीवर मांडून पाहू.

समजा नाणेफेक आहे आणि पहिला डाव १०० रुपयांचा. लागोपाठ दहा वेळा हरलो तर एकूण १,०२,३०० रुपये गेले, आणि अकरावा डाव लावायचा १,०२,४०० चा, तोही शंभर रुपये मिळवण्यासाठी! दहा हारी ओळीने येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. म्हणजे सरासरीने १,०२३ वेळा शंभर-शंभर मिळणार आणि एकदा ते सगळेच्या सगळे जाणार. हिशेब बरोबर शून्यावर येतो. दुप्पट करण्याने नशीब बदलत नाही, फक्त सगळा तोटा एका दिवसावर ढकलला जातो. आणि तो दिवस आला की पुढचा डाव लावायला खिशात काही उरत नाही.

लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ सालची. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन नावाचा तरुण जपानच्या निक्केई निर्देशांकाचे वायदे करी. तोटे तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवी. १९९२ अखेर त्यात २० लाख पौंडांचा तोटा होता, १९९३ अखेर २ कोटी ३० लाखांचा, १९९४ अखेर २० कोटी ८० लाखांचा. सौदे करणारा तोच आणि त्यांच्या नोंदी सांभाळणाराही तोच, मग पकडणार कोण? (आमच्या शाळेत साध्या सहलीच्या पैशांनाही दोन सह्या लागत.) १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, बाजार कोसळला. लीसनने सौदे कमी करायचे सोडून आणखी खरेदी केली, आणि लंडनहून पैसे येतच राहिले. फेब्रुवारीअखेर तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला आणि बँक बुडाली. डच कंपनी आयएनजीने ती एका पौंडाला घेतली.

उलट पद्धतही आहे, तिला अँटी-मार्टिंगेल म्हणतात. हरलो की डाव लहान करायचा, जिंकलो की मोठा. अमेरिकेत रिचर्ड डेनिसने १९८३ पासून शिकवलेल्या 'टर्टल्स'ना असा नियम होता की खाते १० टक्के घटले तर ते २० टक्के घटले असे धरून सौदे बेताचे करायचे. आपल्याच उदाहरणात, दर वेळी उरलेल्या रकमेच्या २ टक्केच लावले तर दहा हारींनंतरही लाखातले सुमारे ८१,७०० हाती राहतात. ते पुन्हा लाख व्हायला मात्र २२ टक्क्यांहून जास्त कमवावे लागते, आणि मुळात डावच तोट्याचा असेल तर या पद्धतीनेही माणूस बुडतोच, फक्त सावकाश. पण त्या सावकाशीत डाव चुकतोय हे कळायला आणि उठून जायला वेळ मिळतो. २३ फेब्रुवारीला सिंगापुरातून पळून गेलेल्या लीसनकडे तो उरला नव्हता.