शिकागोचा वाकलेला संगमरवर

दगडी लादी भिंतीवरून पडली की आपण म्हणतो, ‘चिकटवली होती, म्हणून पडली, क्लॅम्पने बसवली असती तर पडली नसती.’ हा समज अर्धाच खरा आहे, असे मला शिकागोच्या उदाहरणावरून वाटते.

चिकटवण्यातला धोका आधी पाहू. वीस मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते आणि ते सगळे ॲडहेसिव्हच्या पातळ थरावर लटकते. उन्हात लादी मागच्या भिंतीपेक्षा २५ अंशांनी जास्त तापली, तर ९०० मिलिमीटर लांबीची लादी भिंतीपेक्षा साधारण ०.१८ मिलिमीटरने जास्त वाढते. कागदाच्या दोन पानांएवढा हा फरक रोज त्या थराला ताणतो. सांध्यातून पाणी आत गेले, किंवा लादीमागे ॲडहेसिव्हचे नुसते गोळेच ठेवले असले, तर पकड एकेका ठिकाणी सुटत जाते. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, तीच तिची पहिली खूण.

क्लॅम्पच्या पद्धतीत लादीचे वजन भिंतीत रोवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या आधारावर असते. कडेच्या खाचेत पट्टी किंवा पिन बसते, मागे हवेची पोकळी राहते आणि प्रत्येक लादी स्वतंत्रपणे वाढते-आकसते. म्हणूनच उंच इमारतींवर हीच पद्धत रूढ झाली.

शिकागोची स्टँडर्ड ऑइलची ८३ मजली इमारत १९७३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या अंगावर इटलीतील कराराच्या संगमरवराच्या सुमारे ४३ हजार लाद्या धातूच्या आधारांवर बसवल्या होत्या. जाडी सव्वा इंचाच्या आसपास. इमारत नवी असतानाच एक लादी सुटून शेजारच्या प्रुडेन्शियल इमारतीच्या छपरातून आरपार गेली. १९८५ च्या तपासणीत अनेक लाद्या वाकलेल्या व तडकलेल्या आढळल्या. आधी स्टीलच्या पट्ट्यांनी त्या बांधून ठेवल्या. पुढे १९९० ते १९९२ मध्ये सगळा संगमरवर काढून सुमारे दोन इंची पांढरा ग्रॅनाइट बसवला. खर्च आठ कोटी डॉलरच्या आसपास झाला.

येथे दोष दगडाच्या अंगातच होता. संगमरवरातील कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने वाढतो आणि तिच्या काटकोनातील दिशेने आकसतो. शेजारचे स्फटिक असे एकमेकांना ढकलत राहिले की त्यांची वीण सैल होते आणि थंडावल्यावर दगड मूळ मापावर पूर्ण येत नाही. पातळ लादी मग वाकते, तिची ताकद घटते, आणि क्लॅम्पची खाच जेथे कापलेली असते तेथेच आधी तडा जातो.

हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाच्या भिंतींवरही कराराच्याच लाद्या होत्या. त्या वाकल्यावर १९९८-९९ मध्ये तोच दगड पुन्हा नव्याने लावला. तोही काही वर्षांत वाकला.