वगळलेला शब्द आणि नाशिकचे गोडसे

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यावरून दोघींचं वाजलं आणि एकीनं दुसरीला "चोरटी" म्हटलं, तर इतिवृत्तात काय येतं? "हप्त्याबाबत चर्चा झाली", एवढंच. पण लोकसभेत आणि विधानसभेत बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेतात. म्हणून तिथं नको तो शब्द काढून टाकायची रीत घालून द्यावी लागली. आज आम्ही त्याच रीतीची गोष्ट सांगणार आहोत, तीही एका मराठी आडनावाची.

आधी रीत कशी ते बघू. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी खासदारावर कोर्टात खटला भरता येत नाही, घटनेनंच तसं संरक्षण दिलंय. मग तोंडाला लगाम कोण घालणार? अध्यक्ष. एखादा शब्द बदनामीचा किंवा असभ्य वाटला, तर लोकसभेच्या ३८० व्या नियमानं ते तो कामकाजातून वगळायला सांगतात. छापील कामकाजात त्या जागी फुल्या येतात आणि तळाला टीप येते, की अध्यक्षांच्या आदेशानं वगळलं. असे वगळलेले शब्द लोकसभेचं सचिवालय गोळा करतं. त्यात राज्यांच्या विधानसभांतले आणि परदेशांतलेही असतात. त्याचं पुस्तकच निघतं, आणि २००४ सालचं तर सुमारे नऊशे पानांचं होतं.

घोळ होतो तो इथंच. शब्द एका दिवशी, एका वाक्यातून काढलेला असतो. पण यादीत गेला की तो एकटाच उरतो आणि मूळ भांडण विसरून जातं.

तसंच गोडसे या नावाचं झालं. गांधीजींची हत्या १९४८ सालची. पुढं १९५६ साली लोकसभेत नथुराम गोडसेचा उल्लेख झाला, तो वगळला गेला आणि "गोडसे" शब्द यादीत बसला. जवळजवळ साठ वर्षं कुणाला त्याची अडचण झाली नाही. २०१४ साली नाशिकमधून हेमंत गोडसे खासदार म्हणून निवडून आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यसभेत "गोडसे" हा शब्द वगळायचा प्रसंग आला, आणि यांच्या ध्यानात आलं, की आपलं आडनावच असंसदीय आहे! अध्यक्षांनी यांना बोलायला पुकारलं, तर तो पुकाराच वगळायचा का?

हेमंत गोडसे यांनी पत्र लिहून दाद मागितली. आडनाव माझं आहे, त्यात माझा दोष काय आणि मी ते का बदलू, असं त्यांचं म्हणणं. आम्हांला ते रास्त वाटतं. याच आडनावाच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या बंडाच्या काळात झाशीपर्यंत जाऊन 'माझा प्रवास' लिहिला. त्यांचंही नाव घ्यायचं नाही का मग? एप्रिल २०१५ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी निकाल दिला: "नथुराम गोडसे" असंसदीय राहील, नुसतं "गोडसे" नाही. सुमित्राताई मूळच्या चिपळूणच्या, मराठी आडनावाचं मोल त्यांना सांगायला लागलं नसणार.

परदेशांतल्या याद्या बघितल्या तर हसू येतं. न्यूझीलंडमध्ये १९६३ साली एकाला, अंत्ययात्रेहून घरी परतणाऱ्या दमलेल्या गोगलगायीइतकाच याच्यात जोर आहे, असं म्हटलेलं चाललं नाही. आयर्लंडच्या यादीत भित्रा, उंदीर, ढोंगी असे शब्द आहेत. २००९ साली तिथं एका सदस्यानं भर सभागृहात उघड शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. नंतर बघतात तो काय, ती शिवी यादीत नव्हतीच! कारण यादीत जातं ते पूर्वी बोललं गेलेलं.

दुसऱ्याला सभागृहात खोटारडा म्हणणं मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ च्या जुलैत डॉन बटलर या खासदार बाईंनी पंतप्रधान खोटं बोलतात असं म्हटलं आणि शब्द मागं घेतला नाही, तर त्यांना त्या दिवसापुरतं सभागृहाबाहेर जावं लागलं.

आपल्याकडं २०२२ च्या जुलैत नवी पुस्तिका निघाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यात शकुनी होता, जयचंद होता, जुमलाजीवी, नौटंकी, निकम्मा होते. सरकारवर टीका करायला आता शब्दच उरले नाहीत, असं विरोधक म्हणाले. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सांगितलं, की कुठल्याच शब्दावर बंदी नाही, ही फक्त आधी वगळलेल्या शब्दांची नोंद आहे. ते नियमाला धरून होतं. पण यादी हातात असली, की पुढचा आक्षेप घेणाऱ्याला ती दाखवता येते, हेही खरंच.

आणि शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या सुरात असतो, तो कागदावर कसा उतरणार? आमच्याकडं म्हातारी नातवाला "मुडद्या, जेवलास का?" म्हणते. हेच विधानसभेत कुणी समोरच्या बाकाला म्हटलं, तर कामकाजात "जेवलास का" एवढंच राहील, आणि त्याच्या आधी चार फुल्या.