आई-वडिलांच्या श्राद्धाची तिथी कशी काढावी? इंदूरचा 'कार्तिक' बेळगावात 'आश्विन' का होतो?

वडील इंदूरला गेले, मुलगा बेळगावात, मुलगी तिकडेच. वर्षभराने श्राद्धाचा विषय निघतो तेव्हा बहीण एक दिवस सांगते आणि भाऊ कॅलेंडर पाहून दुसरा. दोघांच्या दिवसांत चक्क महिन्याचं अंतर. सीमेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा आहे. मृत्यूची तारीख आणि वेळ हाताशी असेल तर तो घरीच सोडवता येतो.

आधी लागते ती मृत्यूची वेळ

वार्षिक श्राद्धाला तीन गोष्टी लागतात: महिना, पक्ष आणि तिथी. यातली तिथी ही मृत्यूच्या क्षणी चालू असलेली धरतात, त्या दिवशी सूर्योदयाला असलेली नव्हे. कॅलेंडरच्या चौकटीत ठळक छापलेली तिथी बहुधा सूर्योदयाची असते, त्यामुळे नुसती चौकट पाहून चुकायला होतं. शेजारी बारीक अक्षरात तिथी संपण्याची वेळ असते, ती पाहायची.

समजा, वडील १२ नोव्हेंबर २०२३ रोजी गेले. तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. त्या दिवशी चतुर्दशी दुपारी २ वाजून ४४ मिनिटांनी संपली आणि अमावास्या लागली. दुपारी एक वाजता गेले असतील तर तिथी चतुर्दशी, सायंकाळी पाचला गेले असतील तर अमावास्या. तारीख एकच, तिथ्या दोन. मृत्यूच्या दाखल्यावर नुसती तारीख असेल तर रुग्णालयाच्या कागदावरची वेळ शोधावी.

मध्यरात्रीनंतरच्या मृत्यूला आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजी तारीख रात्री बाराला बदलते, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला. १२ तारखेच्या पहाटे अडीचला मृत्यू झाला असेल तर पंचांगात ११ तारखेची ओळ पाहायची. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरचे तास २५, २६ असे पुढे मोजून छापतात, ते याचसाठी. मृत्यू परदेशात झाला असेल तर तिथली वेळ आधी भारतीय वेळेत आणावी आणि मग पंचांग उघडावं.

महिन्याचं नाव कुठे बदलतं

आता पुढचा, आणि सगळ्यात जास्त फसवणारा भाग. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तेलंगण आणि गुजरात इथे महिना अमावास्येला संपतो. याला अमान्त पद्धत म्हणतात. मध्य प्रदेशासह उत्तरेकडच्या हिंदी पंचांगांत महिना पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धत. म्हणून बेळगाव, हैदराबाद किंवा बडोद्याच्या घराला महिन्याच्या नावाची अडचण येत नाही. अडचण येते ती इंदूर-ग्वाल्हेरशी पत्रव्यवहार असलेल्या घराला.

शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. कृष्ण पक्षात मात्र हिंदी पंचांग एक नाव पुढे असतं. आपला आश्विन वद्य पक्ष तिकडे कार्तिक कृष्ण पक्ष. दिवस तेच, चंद्र तोच, फक्त नाव वेगळं.

वरच्या उदाहरणात इंदूरच्या पंडितजींनी चिठ्ठीवर 'कार्तिक कृष्ण अमावस्या' लिहून दिलं, तर ते त्यांच्या पद्धतीने बरोबरच आहे. पण बेळगावच्या मुलाने तेच शब्द मराठी कॅलेंडरात शोधले तर त्याला २०२४ मध्ये ३० नोव्हेंबर सापडेल. खरा दिवस त्याआधी महिनाभर होऊन गेलेला असेल. इंग्रजी तारखेवर विसंबून १२ नोव्हेंबर २०२४ धरला असता तर त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती.

हातातलं कॅलेंडर कोणत्या पद्धतीचं आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे गोकुळाष्टमी. ती श्रावण वद्य अष्टमीला दाखवली असेल तर अमान्त, भाद्रपद कृष्ण अष्टमीला दाखवली असेल तर पूर्णिमान्त. जुन्या चिठ्ठीवर 'शुद्ध' असेल तर तो शुक्ल पक्ष. 'वद्य', 'वद' किंवा 'बहुळ' असेल तर कृष्ण पक्ष.

ही चूक वर्षानुवर्षं लक्षात का येत नाही, त्याला कारण आहे. पितृपक्षातल्या महालयाला साधारणतः मृत्यूची तिथी तेवढी पाहतात, महिना नाही. तिथे सगळं जुळतं. चूक दिसते ती वार्षिक श्राद्धालाच.

दिवस ठरवताना अपराह्ण

महिना आणि तिथी मिळाली की त्या वर्षीचा दिवस काढायचा. तिथी बहुधा दोन तारखांवर पसरलेली असते. वार्षिक श्राद्धाला ती अपराह्णकाळी असावी लागते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग केले की चौथा भाग तो अपराह्ण.

२०२४ मध्ये आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६:१६ ला संपली. त्या दिवसांत बेळगावात अपराह्ण साधारण दीड ते पावणेचार. म्हणजे ३१ तारखेला अमावास्या लागेपर्यंत अपराह्ण उलटून गेला होता. १ तारखेला मात्र तो पूर्ण अमावास्येत होता. म्हणून श्राद्धाचा दिवस १ नोव्हेंबर, बेळगावातही आणि इंदुरातही.

मृत्यू चतुर्दशीला झाला असता तर प्रकरण एवढं सरळ नव्हतं. त्या वर्षी चतुर्दशी ३० आणि ३१ ऑक्टोबर, दोन्ही दिवशी अपराह्णात होती. अशा वेळी धर्मशास्त्राचे पुढचे नियम लागतात. काही पंचांगं रोजची श्राद्धतिथी वेगळी छापतात, ती पाहावी किंवा गुरुजींना विचारावं. तसंच पारंपरिक गणिताच्या पंचांगांत तिथीच्या वेळा काही तासांनीही वेगळ्या येतात. मृत्यू तिथीच्या सीमेजवळ झाला असेल तर घरात जे पंचांग मानतात तेच दरवर्षी धरावं.

अधिक मास आला तर

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्यात गेलेल्या व्यक्तीचं श्राद्ध पुढच्या वर्षांत नेहमीच्या श्रावणात करतात. पुन्हा अधिक श्रावण येईल त्या वर्षी अधिकात. उलट, साध्या ज्येष्ठात गेलेल्यांचं श्राद्ध २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठात नव्हे, तर त्यानंतरच्या निज ज्येष्ठात येतं. मात्र मृत्यूनंतरच्या पहिल्याच वर्षात अधिक मास आला तर नियम वेगळा असतो, तेव्हा गुरुजींना विचारूनच दिवस धरावा.

चिठ्ठीवर काय लिहून ठेवावं

पुढच्या पिढीसाठी नुसती तिथी पुरत नाही. इंग्रजी तारीख, मृत्यूची वेळ, गाव आणि महिना कोणत्या पद्धतीचा, हे सगळं एकत्र लिहावं. वरच्या घराची नोंद अशी होईल: '१२ नोव्हेंबर २०२३, सायंकाळी ५, इंदूर. आश्विन वद्य अमावास्या, मराठी पंचांग. हिंदी पंचांगात कार्तिक कृष्ण अमावस्या.' एवढं असलं की भाऊ-बहिणीचा दिवस एकच निघतो.