निवेदन, निधिसंकलन चित्रफितीचे

सेवाभावी संस्था मदतीचे आवाहन करण्यासाठी जी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत काढतात, तिच्यातील पडद्यामागचे बोलणे. वृत्तपटाचे निवेदन माहिती देऊन थांबते. या निवेदनाला शेवटी पैसे मागायचे असतात आणि ज्यांच्यासाठी मागायचे ती माणसे समोर पडद्यावर दिसत असतात. त्यामुळे दाखवलेल्या माणसाचा मान राखणे आणि मागणी खरी वाटेल इतकी नेमकी असणे, या दोन कसोट्या त्याला लागतात. चांगल्या संहितेत त्या एकमेकींना धरून असतात. मागणी मोघम असली की तिची भरपाई करुणेने करावी लागते.

इतिहास. या प्रकाराचा साचा एका बातमीने घडवला. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने इथिओपियातील कोरेम येथील दुष्काळछावणीचा वृत्तांत दाखवला. चित्रण मोहम्मद अमीन यांचे होते, निवेदन मायकेल बर्क यांचे. पहाटेची थंडी, मैदानावर पसरलेली माणसे आणि बायबलातील दुष्काळाची उपमा यांनी सुरू होणारे ते संथ, खालच्या पट्टीतले निवेदन जगभरच्या वाहिन्यांवर गेले. ते पाहून बॉब गेल्डॉफ यांनी बँड एड गटाचे गाणे काढले आणि १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. बर्क यांचा वृत्तांत बातमी होता, आवाहन नव्हते. पण पुढची कित्येक वर्षे आवाहनांनी त्याचीच लय उचलली. त्या वृत्तांतात इथिओपियन माणसे दिसत राहतात, बोलतात मात्र बहुतांशी परदेशी. दुष्काळामागे यादवी युद्ध आणि तिथल्या लष्करी राजवटीची धोरणेही होती, ती पार्श्वभूमी उपमेच्या छायेत गेली. लाइव्ह एडमध्ये तर कॅनडाच्या वाहिनीने टिपलेली दुष्काळाची दृश्ये एका प्रेमगीतावर निवेदनाशिवायच दाखवली गेली. पैसा भरपूर जमला. त्यातला किती कुठे पोहोचला, यावर मतभेद आहेत.

टीका आधीपासूनच होती. डॅनिश लेखक यॉर्गन लिसनर यांनी १९८१ मध्ये उपाशी मुलांची चित्रे वापरून निधी जमवण्यावर कठोर लेख लिहिला होता. १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे व संदेश यांविषयी आचारसंहिता स्वीकारली, २००६ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने २०१२ मध्ये थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेसाठी आफ्रिकेने रेडिएटर पाठवावेत, असे आवाहन करणारी विडंबनफीत काढली. पुढे त्याच संघटनेने सर्वांत वाईट आवाहनाला ‘गंजका रेडिएटर’ देण्याची प्रथा पाडली. २०१७ मध्ये तो गायक एड शीरन यांच्या लायबेरियातील चित्रफितीच्या वाट्याला आला.

करुणा व आकडा. आवाहनात एकच व्यक्ती दाखवावी की समस्येचा आकार सांगावा, या वादात २००७ मधला एक प्रयोग हटकून पुढे केला जातो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यांतून दान करण्याची संधी दिली. काहींना मालीतील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, काहींना दुष्काळाचे आकडे, काहींना दोन्ही. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांसाठी १.१४. दोन्ही एकत्र दिल्यावर रक्कम १.४३ वर आली. म्हणजे आकडे जोडल्याने मुलीला मिळणारे दान घटले.

या निष्कर्षाचा व्यवसायात सोयीस्कर अर्थ लावला जातो. प्रयोगात मुलीचे नाव आणि वय होते, पण ती रडताना दाखवली की जास्त पैसे मिळतात, असे तो सिद्ध करत नाही. शिवाय जे आकडे मारक ठरले ते लाखो भुकेल्यांचे होते. एका मुलाच्या जेवणाला किती लागतात, हा आकडा वेगळ्या जातीचा आहे. पहिला ऐकून दाता हात टेकतो, दुसरा ऐकून खिशाचा अंदाज घेतो.

दाखवलेल्या माणसांना काय वाटते, हे फार उशिरा विचारले गेले. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ब्रिटन, जॉर्डन, बांगलादेश आणि नायजर येथील अशा लोकांशी बोलणी झाली. दुःख दाखवावे लागते हे अनेकांना मान्य होते. आपले चित्र कुठे, कसे वापरले जाईल याची पुरती कल्पना मात्र सगळ्यांना नव्हती आणि तयार झालेले चित्रण पाहायची इच्छा होती. नंतर आम्रेफ या आरोग्यसंस्थेने टपालाने जाणारी दोन आवाहने शेजारी ठेवून पाहिली. एक नेहमीच्या पद्धतीचे होते, दुसरे नैरोबीच्या किबेरा वस्तीतील आरोग्यसेवकाने स्वतः मांडलेले. दुसऱ्याने जास्त निधी आणला. एका चाचणीवरून नियम काढता येत नाही, तरी मान राखला की पैसे कमी येतात हे गृहीतकही तिच्यापुढे टिकत नाही.

संहिता : एक नमुना. ऊसतोड मजुरांची मुले हंगामात गावातच राहावीत म्हणून चालणाऱ्या एका वसतिगृहासाठी दोन मिनिटांची चित्रफीत करायची आहे, असे धरू. (आकडे व प्रसंग नमुन्यापुरते.) पहिला खर्डा बहुधा असा येतो : ‘हिच्या डोळ्यांत पाहा. हिला ना घर, ना शाळा. दरवर्षी हिचं बालपण उसाच्या फडात करपून जातं. तुमची छोटीशी मदत हिचं आयुष्य बदलू शकते.’

हा खर्डा आधी तथ्यावर पडतो. मुलीला घर आहे. दिवाळीच्या आसपास त्याला कुलूप लागते एवढेच. शाळेच्या पटावर तिचे नाव आहे. आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या हद्दीत गेले आहेत आणि ती फिटेपर्यंत परतू शकत नाहीत. हे कारण गाळले की मुलीची अडचण आईबापांच्या बेफिकिरीतून आल्यासारखी दिसते. आणि ही चित्रफीत उद्या गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोहोचणारच आहे.

दुरुस्तीची सोपी रीत म्हणजे प्रत्येक वाक्याचा कर्ता पाहणे. पहिल्या खर्ड्यात मुलगी काहीच करत नाही. तिला काही नाही, तिचे काही करपते, तिचे काही कुणीतरी बदलते. दुसरा खर्डा असा : ‘दिवाळी झाली की या गावातल्या बऱ्याच घरांना कुलूप लागतं. उचल फेडायला आई-बाबा फडावर जातात. मागच्या वर्षी ही त्यांच्याबरोबर गेली होती, धाकट्या भावाला सांभाळायला. वार्षिक परीक्षेला बसता आलं नाही. यंदा तिनंच घरी सांगितलं, मी इथं राहते.’ इथे निवेदकाने थांबावे आणि पुढचे वाक्य मुलीच्या तोंडून येऊ द्यावे, तिच्या बोलीत, प्रमाण मराठीचा मुलामा न चढवता. बोली कळणार नाही अशी शंका असेल तर खाली अक्षरे द्यावीत. तिच्यावर निवेदकाचा आवाज चढवू नये.

मग मागणी : ‘चाळीस मुलं नोव्हेंबर ते एप्रिल इथं राहतात. जेवण, गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन धरून एका मुलाला दिवसाला सत्तर रुपये लागतात, एकशे ऐंशी दिवसांचे बारा हजार सहाशे. पंचवीस मुलांची सोय झाली आहे, पंधरांची व्हायची आहे. जास्त जमले तर ते पुढच्या हंगामाच्या किराण्याला जातील.’ एकूण तूट १,८९,००० रुपये. हा आकडा पडद्यावर लिहावा, निवेदनात घेऊ नये. कानाला एका वेळी एकच मोठी रक्कम पेलते.

मागणी खरी वाटते ती तिच्यातल्या गैरसोयीच्या तपशिलांमुळे. ताईंचे मानधन गाळून दिवसाचे पंचेचाळीस रुपये सांगितले तर मागणी हलकी दिसते, पण स्वयंपाकघर चालवलेला कुणीही श्रोता मनातल्या मनात हिशेब करतो आणि तिथेच सुटतो. ‘तुमचे बारा हजार सहाशे याच मुलीला मिळतील’ असेही म्हणू नये. पैसा एकाच खात्यात जमतो आणि एकाच मुदपाकात खर्च होतो. ब्रिटनमधील आपत्तिनिधीची आवाहने म्हणूनच ‘इतक्या पौंडांत इतक्यांची सोय होऊ शकते’ अशी शक्यतेची भाषा वापरतात. ‘आयुष्य बदलेल’ हे वचन तर कुणीच देऊ शकत नाही. मुलगी परीक्षेला बसेल, इतके देता येते.

आवाज. दोन मिनिटांना साधारण दोनशे शब्द पुरतात, त्याहून जास्त झाले की निवेदक धावतो. रडवा स्वर टाळावा. तो श्रोत्याला आपण काय वाटून घ्यायचे हे आधीच सांगून टाकतो, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो जिवंत माणूस असूनही निवेदनाला श्रद्धांजलीची कळा येते. भांड्यांचा, अंगणातल्या दंग्याचा मूळ आवाज निवेदनाखाली राहू द्यावा. सारंगीची गरज बहुधा नसते. पारख करण्यासाठी चित्र बंद करून नुसते निवेदन ऐकावे. गाव, हंगाम, कारण, रक्कम हे त्यातून कळले नाही तर संहिता अपुरी आहे. मग तेच त्या कुटुंबासमोर, त्यांना कळणाऱ्या भाषेत वाजवावे. कुठल्या वाक्याला बाप मान खाली घालतो, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. ते वाक्य काढावे, कितीही गोळीबंद असले तरी.

कायदा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असा तपशील दृक्‌श्राव्य माध्यमातही देता येत नाही. अशा मुलाचे नाव बदलून शाळा आणि गाव सांगितले तर ओळख उघडच होते. देणगीदाराला करसवलत सांगायची तर संस्थेकडे तिची मान्यता हवी, परदेशी देणगी मागायची तर एफसीआरएची.

मराठीतील परंपरा. चित्रफितीआधीची तालीम छापील मजकुरात झाली. गणेशोत्सवाच्या काळात निवडक संस्थांची ओळख करून देऊन वाचकांकडून धनादेश मागवणारा ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम त्याचे ठळक उदाहरण. त्यातल्या लेखांत संस्थेचे काम आणि तिची गरज हे विषय असतात, एखाद्याचे रडणे नव्हे. बाबा आमटे यांनी आनंदवनात भीक नाकारून श्रमावर भर दिला होता, त्याचा संस्कारही इथल्या कार्यकर्त्यांच्या भाषेवर दिसतो. मोबाइलवरच्या वैद्यकीय मदतीच्या जाहिराती मात्र याच्या उलट टोकाला आहेत. नळ्या लावलेले बाळ, आक्रोश करणारी आई आणि दर काही तासांनी बदलणारी मुदत, हा त्यांचा ठरलेला ऐवज. तिथे उपचाराचे अंदाजपत्रक आणि रुग्णालयाचे नाव निवेदनात असेल, तर विश्वासाला काही आधार मिळतो.

मुदत. चित्रफीत हंगाम संपला की उतरवावी, किंवा शेवटी किती जमले आणि कितीजण परीक्षेला बसले याची ओळ जोडावी. मुलगी मोठी झाल्यावर ‘काढा’ म्हणाली तर काढायची, हे संमतिपत्रात आधीच लिहावे आणि कुणाला फोन करायचा तो क्रमांक घरच्यांकडे द्यावा.